द्विपोल फीडबॅक अ‍ॅम्प्लिफायर : पोलांची स्थाने, अवमंदन आणि पीकिंग

ज्याच्या गेनमध्ये दोन पोल आहेत अशा अ‍ॅम्प्लिफायरला ऋण फीडबॅक दिला, की बंद लूपचे पोल मूळ जागी राहत नाहीत. लूप गेन जसजसा वाढवावा तसतसे ते ठरलेल्या मार्गाने सरकतात. अ‍ॅम्प्लिफायरचा प्रतिसाद संथ राहील, सपाट राहील की एखाद्या वारंवारतेला उसळी घेईल, हे त्यांच्या स्थानावरून ठरते.

उघड्या लूपचे पोल −p1 आणि −p2 येथे असतील, कमी वारंवारतेचा लूप गेन T असेल आणि फीडबॅकचे प्रमाण β वारंवारतेनुसार बदलत नसेल, तर बंद लूपचे पोल पुढील समीकरणातून मिळतात :

s² + (p1 + p2)s + (1 + T)p1p2 = 0

यात T फक्त शेवटच्या पदात येतो. म्हणून दोन्ही पोलांची बेरीज लूप गेन कितीही असला तरी बदलत नाही. T शून्य असताना पोल मूळ जागी असतात. T वाढू लागला की ते वास्तव अक्षावरून एकमेकांकडे सरकतात आणि −(p1 + p2)/2 या मध्यबिंदूवर भेटतात. त्यानंतर ते संमिश्र अनुबद्ध जोडी बनून एक सरळ वर आणि दुसरा सरळ खाली जातो. पोलांच्या या मार्गाला रूट लोकस म्हणतात.

या हालचालीचे माप म्हणजे अवमंदन गुणक :

ζ = (p1 + p2) / (2√((1 + T)p1p2))

पोल भेटतात तेव्हा ζ = १ असतो. त्यापुढे पायरीसारख्या इनपुटला ओव्हरशूट दिसू लागतो. वारंवारता प्रतिसाद मात्र ζ = ०.७०७ पर्यंत सपाटच राहतो. ζ त्याहून कमी झाला की पीकिंग सुरू होते. कमी वारंवारतेच्या गेनशी तुलना केल्यास शिखराची उंची 1/(2ζ√(1 − ζ²)) पट असते.

उदाहरणार्थ, एका ऑपरेशनल अ‍ॅम्प्लिफायरचा गेन १,००,००० आहे, पहिला पोल १० हर्ट्झला आणि दुसरा १ मेगाहर्ट्झला आहे. बंद लूपचा गेन १० ठेवला (β = ०.१), तर पोल सुमारे ०.११ आणि ०.८९ मेगाहर्ट्झवर, वास्तव अक्षावरच असतात. गेन ४ केला की दोन्ही पोल ०.५ मेगाहर्ट्झवर एकत्र येतात. गेन २ ला ζ = ०.७०७ होतो, ओव्हरशूट सुमारे ४ टक्के असतो, पण शिखर नसते. बफर म्हणून, म्हणजे गेन १ ठेवून, तोच अ‍ॅम्प्लिफायर वापरला, तर ζ = ०.५ होतो. तेव्हा ०.७ मेगाहर्ट्झच्या आसपास १.२५ डेसिबलचे शिखर येते आणि ओव्हरशूट १६ टक्क्यांवर जातो. सर्वांत कमी गेनचे मंडल यामुळेच सर्वांत अवघड ठरते : त्यात फीडबॅक पूर्ण असतो आणि लूप गेन सर्वाधिक.

पोल संमिश्र झाल्यावर लूप गेन वाढवून आउटपुट लवकर स्थिरावत नाही. पोलांचा वास्तव भाग तोच राहत असल्याने दोलने विरण्याचा वेगही तोच राहतो. वरील उदाहरणात त्याचा कालस्थिरांक सुमारे ०.३२ मायक्रोसेकंद आहे. वाढते ती दोलनांची वारंवारता आणि पहिल्या उसळीची उंची.

प्रत्यक्षात बिघाड बहुधा दुसऱ्या पोलामुळे होतो. बफरच्या आउटपुटला लांब केबल किंवा कपॅसिटर जोडला, की आउटपुट रोध आणि ती धारकता मिळून दुसरा पोल खाली ओढतात. तो १ मेगाहर्ट्झवरून ०.२५ मेगाहर्ट्झवर आला, तर ζ = ०.२५ होतो, शिखर ६.३ डेसिबलचे आणि ओव्हरशूट ४४ टक्के होतो. हे ओळखण्यासाठी इनपुटला लहान चौकोनी तरंग देऊन ऑसिलोस्कोपवर आउटपुटच्या कडा पाहतात. तरंग मोठा घेतल्यास स्ल्यू रेटची मर्यादा आड येते आणि मोजलेल्या ओव्हरशूटवरून ζ काढता येत नाही. उपाय म्हणून आउटपुट आणि धारक भार यांच्यामध्ये छोटा रोध घालतात किंवा पहिला पोल आणखी खाली आणतात. दुसऱ्या उपायात बँडविड्थ कमी होते.

गणितानुसार दोन पोलांचे मंडल कधीच अस्थिर होत नाही, कारण सरळ वर-खाली जाणारे पोल काल्पनिक अक्ष ओलांडत नाहीत. खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये मात्र उच्च वारंवारतेला तिसरा पोल किंवा काही विलंब असतोच. त्याने रूट लोकस उजवीकडे वाकतो आणि पुरेशा लूप गेनला मंडल आपोआप दोलायमान होते. द्विपोल सूत्रे म्हणूनच तिसरा पोल लूप गेन १ होण्याच्या वारंवारतेपासून बराच वर असेल तेव्हाच विश्वसनीय असतात.