एका चौकटीतले दोन घुमट

वरंधच्या आमच्या एका विद्यार्थ्याला आजोबांच्या ट्रंकेत एक कृष्णधवल छायाचित्र सापडले. मागे पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला: ‘मशीद?’ पुढे उघड्या माळावर एक अष्टकोनी चौथरा, त्यावर घुमटी असलेली छत्री. मागे तटासारखी भिंत आणि तिच्यावरून डोकावणारा मोठा घुमट, त्याच्या कोपऱ्यांवर लहान मनोरे. “सर, ही वास्तू कोणत्या काळातली?” असे त्याने विचारले. उत्तर आम्हाला एका दृष्टिक्षेपात कळले होते, कारण रायगड आमच्या अंगणातलाच. तरीही ते सांगण्याआधी नुसत्या चित्रावरून कुठपर्यंत पोहोचता येते, हे त्याच्यासोबत पडताळून पाहावे असे वाटले.

वास्तूचा काळ ठरविणे हे पोथीचा काळ ठरविण्यासारखेच आहे. पोथीतील सर्वांत जुना शब्द तिचे वय सांगत नाही. जुने शब्द पुढेही चालत राहतात. सर्वांत अलीकडचे रूप मात्र ‘याच्या आधीची ही नव्हे’ एवढे निश्चित सांगते. वास्तूचेही असेच असते. चित्रातले प्रत्येक लक्षण प्रामुख्याने अलीकडची नव्हे, तर पलीकडची मर्यादा देते.

पहिला प्रश्न रचनेचा. यादवकालीन देवळात, उदाहरणार्थ सिन्नरच्या गोंदेश्वरात, छत दगडांचे थर एकेक पाऊल पुढे सरकवून मिटविलेले असते. तेथे भार सरळ खाली उतरतो. पाचरीसारखे दगड एकमेकांना रेटत उभी राहिलेली खरी कमान आणि चुन्यात बांधलेला खरा घुमट दख्खनमध्ये रुळले ते चौदाव्या शतकापासून, सुलतानी राजवटींबरोबर. तेव्हा चित्रातला मोठा घुमट यादवकालाच्या अलीकडचा, एवढे पहिल्याच पायरीवर ठरले.

दुसरा प्रश्न घुमटाच्या बाह्यरेषेचा. बहमनी घुमट बहुधा पसरट, अर्धगोलाकडे झुकणारे आणि साधे असतात. आदिलशाहीत ते उंचावतात. तळाशी पाकळ्यांचे कडे येते आणि घुमट त्या कमळातून उमलल्यासारखा दिसतो. विजापूरचा गोल घुमट (१६५६) अवाढव्य, पण त्याच्याही पायथ्याशी पाकळ्या आहेतच. औरंगाबादचा बीबी का मकबरा (१६६०-६१) पाहिला की मुघली धर्तीचा, कमरेशी फुगून वर निमुळता होत जाणारा घुमट लगेच वेगळा ओळखू येतो. येथे छायाचित्राची एक फसगत ध्यानात ठेवावी: खालून जवळून टिपलेल्या चित्रात भिंतीची कड घुमटाचा तळ झाकते आणि उंच घुमट ठेंगणा भासतो. आमच्या चित्रातही तळ भिंतीआड होता. म्हणून ‘सोळावे-सतरावे शतक, दख्खनी वळण’ याहून अधिक बोलण्याचे धाडस आम्ही केले नाही.

तिसरा प्रश्न कमानीचा. दख्खनी कमान टोकदार असते; दोन्ही बाजू वळत चढतात आणि शेवटी जवळजवळ सरळ रेषेत शेंड्याला भिडतात. रायगडाच्या नगारखान्याची कमान अशीच टोकदार आहे. शाहजहानच्या काळात (१६२८-१६५८) मुघल वास्तूंत पाकळ्यापाकळ्यांची महिरप बोकाळली. ती आपल्याकडे अठराव्या शतकातील वाड्यांत, सुरूच्या आकाराच्या लाकडी खांबांमध्ये स्थिरावली. तेथे ती बहुधा भार न पेलणारी, केवळ शोभेची फळी असते. एखाद्या मराठा वास्तूच्या चित्रात अशी महिरप दिसली, तर प्रथम पेशवाई आठवावी आणि मग पुरावा शोधावा.

नक्षी सर्वांत शेवटी पाहावी, कारण तीच सर्वांत सहज फसविते. रायगडाच्या महादरवाजाच्या दोन्ही अंगांना कमळे कोरली आहेत. कमळ बौद्ध लेण्यांतही आहे आणि कालच्या सभागृहाच्या भिंतीवरही आहे. त्यावरून काळ निघत नाही. पण टोकदार कमानीच्या दोन बाजूंना ठेवलेली कमळांची जोडी हा दख्खनी दरवाजांचा परिचित संकेत आहे. आकृतीपेक्षा तिची जागा अधिक बोलकी असते.

आता त्या पेन्सिलीच्या शब्दाकडे वळू. मागचा घुमट जगदीश्वराच्या देवळाचा. शत्रूने मशीद समजून हात लावू नये म्हणून देऊळ असे बांधले, ही कथा गडावर आजही ऐकायला मिळते. ती आम्हाला पटत नाही. दाराशी नंदी आणि आत शिवलिंग असलेल्या वास्तूचे सोंग किती काळ टिकणार? शिवाय घुमट हा त्या काळी एका धर्माचा वेश नव्हता. शिवरायांचे आजोळ असलेल्या सिंदखेडराजात लखुजी जाधवरावांची समाधी घुमटाचीच आहे. लखुजी मारले गेले १६२९ साली. ज्या गवंड्यांच्या हाताला घुमट वळविणे सरावाचे होते, त्यांनी देवासाठीही तोच वळविला. आपण चिटणिसी पत्रात ‘हुजूर’ आणि ‘मुक्काम’ वाचतो तेव्हा लिहिणाऱ्याने फारसीचे सोंग घेतले असे म्हणत नाही. ती त्याची रोजची भाषा होती.

नेमके वर्ष मात्र रूपाने दिले नाही, ते अक्षरांनी दिले. देवळाच्या दाराजवळच्या भिंतीवरील संस्कृत शिलालेखात शक अंकांऐवजी शब्दांत आहे: षट्, नव, बाण, भूमी. बाण म्हणजे पाच, भूमी म्हणजे एक. अंक उजवीकडून डावीकडे मांडायचे, म्हणजे १५९६. संवत्सर आनंद. हे राज्याभिषेकाचेच वर्ष, इसवी सन १६७४-७५. लेखात जगदीश्वराचा ‘प्रासाद’ आहे. आजच्या मराठीत तो महाल वाटेल, पण शिल्पशास्त्रात प्रासाद म्हणजे देवालय. चित्राने आम्हाला शतक दिले होते, लेखाने वर्ष दिले, आणि दोहोंचा मेळ बसला. मेळ बसला नसता, तर एक तर लेख अन्यत्रचा, नाही तर वास्तू पुन्हा बांधलेली, असा संशय घ्यावा लागला असता.

तो संशय चित्रातच पुढे उभा होता. अष्टकोनी चौथरा शिवछत्रपतींच्या समाधीचा. पण त्यावरची आजची छत्री १९२०च्या दशकातील जीर्णोद्धाराची. १८१८च्या मे महिन्यात इंग्रजी तोफांनी गड पेटला, लाकूडकाम जळाले, आणि पुढे समाधी दीर्घकाळ उपेक्षित राहिली. जुन्या धाटणीची म्हणून ती छत्री सहज शिवकालीन समजली जाते. म्हणजे एकाच चौकटीतल्या दोन घुमटांमध्ये सुमारे अडीचशे वर्षांचे अंतर! नव्याने जुन्याचे अनुकरण केले की रूपावरून काढलेला काळ हमखास चुकतो. तेथे दगडांच्या धारांची झीज, सांध्यांतला चुना की सिमेंट, आणि जीर्णोद्धाराआधीची चित्रे हेच विचारावे लागते.

याच छत्रीने आणखी एक उत्तर दिले. ती चित्रात आहे, म्हणून चित्र १९२०च्या दशकाआधीचे असू शकत नाही. ‘आजोबा विसाव्या शतकातले, देऊळ सतराव्यातले,’ विद्यार्थी हसून म्हणाला. मग त्याने रबर काढून ‘मशीद?’ पुसायला घेतले. आम्ही त्याला थांबविले. तो शब्दही आता पुराव्याचा भाग आहे: घुमट दिसला की आपल्या मनात पहिले काय येते, त्याचा पुरावा. त्याने त्याखाली शाईने ‘जगदीश्वर, शके १५९६’ असे लिहिले आणि चित्र पुन्हा लिफाफ्यात ठेवले.