उद्योगरचना, आयातशुल्क आणि जिल्ह्यांचे दारिद्र्य : बदल-वाटा साधनचलाचा इतिहास

एखाद्या प्रदेशात रोजगार वाढला की वेतन वाढते काय, हा प्रश्न वरवर सोपा भासतो. परंतु रोजगार वाढण्याची कारणे दोन प्रकारची असू शकतात. मालकांकडून श्रमिकांना मागणी वाढली असेल, किंवा बाहेरून माणसे येऊन राहिल्याने श्रमिकांचा पुरवठा वाढला असेल. पहिल्या स्थितीत वेतन चढते, दुसरीत ते उतरण्याचा संभव असतो. केवळ रोजगार आणि वेतन यांचे आकडे शेजारी ठेवून या दोहोंची फारकत करता येत नाही. ती करायची तर मागणीत बदल घडविणारे, पण स्थानिक पुरवठ्याशी संबंध नसलेले असे एखादे चल हाती असावे लागते. अर्थमितीत त्याला साधनचल म्हणतात.

अमेरिकेतील मिशिगन राज्यातल्या कलामाझू येथील अपजॉन संस्थेचे अर्थशास्त्रज्ञ टिमोथी बार्टिक यांनी १९९१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात असे चल वापरले. त्याची बांधणी अशी : प्रत्येक नगरातील रोजगारात निरनिराळ्या उद्योगांचे आरंभीचे वाटे घ्यावयाचे, प्रत्येक वाट्याला त्या उद्योगाच्या राष्ट्रीय वाढीच्या दराने गुणावयाचे आणि गुणाकारांची बेरीज करावयाची. ज्या नगरात पोलादाचा वाटा मोठा, तेथे देशभर पोलाद उद्योग खालावला की मागणी घटणार, हा त्यामागील विचार होय. येणारी संख्या त्या नगरात प्रत्यक्ष काय घडले हे सांगत नाही. त्याची उद्योगरचना आणि देशाची वाटचाल एवढ्यावरून काय घडावयास हवे होते, ते सांगते. १९९२ साली ब्लँचर्ड आणि कॅट्झ यांनी अमेरिकी राज्यांच्या अभ्यासात हेच साधन वापरले, आणि पुढे ते बार्टिक यांच्या नावानेच ओळखले जाऊ लागले.

हे गणित मात्र नवे नव्हते. प्रादेशिक वाढीचे राष्ट्रीय, औद्योगिक आणि स्थानिक असे घटक पाडण्याची बदल-वाटा पद्धती डॅनिअल क्रीमर यांच्या १९४३ च्या लेखनात आढळते, आणि १९६० च्या सुमारास एडगर डन यांनी तिला नीट रूप दिले. तेथे हेतू वर्णनाचा होता. वर्णनाच्या साधनाला कार्यकारणाचा पुरावा म्हणून उभे केले, तेव्हा त्याच्यावर नवे दायित्व आले. आणि सुमारे पंचवीस वर्षे त्या दायित्वाची स्पष्ट मांडणी झाली नाही, असे म्हणावे लागते. वाढीचे आकडे राष्ट्रीय आहेत, म्हणजे ते स्थानिक परिस्थितीपासून अलिप्त आहेत, एवढ्यावर बहुतेक अभ्यासकांनी समाधान मानले. हे समाधान किती अपुरे होते, ते भारतातील एका अभ्यासावरून चांगले कळते.

१९९१ च्या आर्थिक संकटानंतर भारताने आयातशुल्क झपाट्याने उतरविले. १९९० मध्ये सरासरी ८० टक्क्यांहून अधिक असलेले शुल्क १९९६ पर्यंत ३७ टक्क्यांवर आले. या बदलाचा ग्रामीण दारिद्र्यावर काय परिणाम झाला, हा त्या दशकातील कडव्या वादाचा विषय होता. पेटिया टोपालोवा यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९९१ च्या जनगणनेतून प्रत्येक जिल्ह्यातील कामकऱ्यांचे उद्योगवार वाटे घेतले, त्यांना उद्योगवार शुल्काने गुणले, आणि राष्ट्रीय नमुना पाहणीच्या १९८७-८८ व १९९९-२००० या फेऱ्यांमधील दारिद्र्याशी त्यांचा संबंध तपासला. राष्ट्रीय वाढीच्या जागी येथे राष्ट्रीय शुल्क आले. सांगाडा तोच राहिला.

अडचण पेऱ्याच्या रचनेत दडलेली होती. तृणधान्ये आणि तेलबिया यांची आयात त्या काळात सरकारी संस्थांच्या हाती असल्यामुळे त्यांच्या शुल्काचा बदल शून्य धरावा लागला, सेवांचेही तसेच. समजा, एका जिल्ह्यात ८० टक्के कामकरी धान्यशेती व सेवांत आणि २० टक्के कापडउद्योगात आहेत. दुसऱ्यात हे प्रमाण ४० आणि ६० आहे. कापडावरील शुल्क ४० अंशांनी उतरले. पहिल्या जिल्ह्याची शुल्कघट ८ अंश येते, दुसऱ्याची २४. कापड-कामकऱ्यांवरील आघात दोन्हीकडे एकच आहे. मग हा तिपटीचा फरक येतो कोठून? धान्यशेतीच्या वाट्यातून. आणि धान्यावर विसंबलेले जिल्हे आधीपासूनच अधिक दरिद्री होते. अशा जिल्ह्यांत दारिद्र्य इतर काही कारणांनी वेगाने घटले, तरी ती घट शुल्क कमी उतरल्याच्या खात्यावर जमा होईल.

टोपालोवा यांना ही गोष्ट ठाऊक होती. त्यांनी केवळ शुल्कयुक्त उद्योगांतील वाटे घेऊन दुसरे चल बांधले, ज्यात वरील दोन्ही जिल्ह्यांना सारखेच ४० अंश मिळतात, आणि पहिल्या मोजमापासाठी ते साधनचल म्हणून वापरले. निष्कर्ष असा निघाला की, शुल्ककपातीचा आघात ज्या ग्रामीण जिल्ह्यांवर अधिक, तेथे दारिद्र्य तुलनेने संथ गतीने घटले. ‘तुलनेने’ हा शब्द येथे निर्णायक आहे. ही पद्धती जिल्ह्याजिल्ह्यांतील अंतर मोजते. सर्व जिल्ह्यांवर सारखा झालेला परिणाम तिच्या हिशेबातून निसटतो. म्हणून या अभ्यासावरून उदारीकरणाने देशातील दारिद्र्य वाढविले असे म्हणणारे आणि त्याच कारणाने अभ्यासालाच खोडून काढणारे, दोघेही त्याच्यावर नसलेला दावा लादतात.

या पद्धतीच्या वैधतेच्या अटी पुढे दोन दिशांनी मांडल्या गेल्या. गोल्डस्मिथ-पिंकहॅम, सॉर्किन आणि स्विफ्ट यांनी २०२० मध्ये दाखविले की, भार सारा वाट्यांवर टाकता येतो. मग असे गृहीत धरावे लागते की, उद्योगाचा वाटा कमीअधिक असलेले प्रदेश आघाताविना समांतरच चालले असते. त्यांनी प्रत्येक उद्योगाचे वजन काढण्याची रीत दिली, आणि बार्टिक यांच्या मूळ धर्तीच्या उदाहरणात तेल व नैसर्गिक वायू या एकाच उद्योगाचे वजन सर्वांत मोठे निघाले. शेकडो उद्योगांचा पुरावा वाटत होता, तो बऱ्याच अंशी तेलाच्या प्रदेशांची उर्वरित देशाशी तुलना ठरला.

बोरुस्याक, हल आणि जारावेल यांनी २०२२ मध्ये दुसरी वाट दाखविली : वाटे कसेही असोत, उद्योगांवरील आघात यदृच्छेने वाटल्यासारखे असावेत, उद्योग पुष्कळ असावेत आणि कोणा एकाचे वर्चस्व नसावे. वाट्यांची बेरीज एक येत नसेल, तर ती बेरीज स्वतंत्र नियंत्रण चल म्हणून घ्यावी, ही त्यांची सूचना वरील धान्यशेतीच्या अडचणीलाच लागू पडते. भारतीय उदाहरण याच वाटेवर बसते. कारण १९९१ नंतरची कपात संकटाच्या दडपणाखाली, सर्व उद्योगांची शुल्के एका पातळीकडे आणण्यासाठी झाली होती. टोपालोवा आणि अमित खंडेलवाल यांनी २०११ मध्ये तपासले तेव्हा १९९७ पर्यंतच्या शुल्कबदलांचा उद्योगांच्या पूर्वस्थितीशी संबंध आढळला नाही. त्यानंतरच्या बदलांचा मात्र उद्योगांच्या उत्पादकतेशी आढळला. म्हणजे जे साधन १९९६ पर्यंत विश्वासार्ह, तेच २००१ पर्यंत ताणले की संशयास्पद होते, आणि आकड्यांच्या तक्त्यावर याची कोणतीही खूण उमटत नाही.

अचूकतेचा प्रश्न अदाओ, कोलेसार आणि मोरालेस यांनी २०१९ मध्ये उपस्थित केला. समान उद्योगरचना असलेले प्रदेश कितीही दूर असले तरी एकाच आघाताने हलतात, त्यामुळे त्यांच्या त्रुटी स्वतंत्र नसतात. त्यांनी उद्योगांना निव्वळ काल्पनिक, यदृच्छ आघात देऊन अमेरिकी प्रदेशांवर प्रचलित कसोट्या चालविल्या. १०० पैकी ५ वेळा चुकावयाची कसोटी काही प्रसंगी ५५ वेळांपर्यंत नसलेला परिणाम दाखवू लागली. शेकडो जिल्ह्यांचा अभ्यास करणाऱ्याच्या हाती निरीक्षणे शेकडो दिसतात. परंतु ती मोजावयाची उद्योगांच्या संख्येने.