फ्रामच्या डॅम्परमध्ये काय कमी होतं?

टेबलावर मनोऱ्याचं मॉडेल ठेवा. वरचं वस्तुमान 2 किलो, नैसर्गिक वारंवारता 2 हर्ट्झ. माथ्याला 2 हर्ट्झने हलका धक्का देत राहिलात, तर झोका वाढतच जातो. आता माथ्यावर स्प्रिंगला जोडलेलं 100 ग्रॅमचं वजन बसवा आणि त्याचीही वारंवारता 2 हर्ट्झच ठेवा. वजन जोरात हलू लागतं आणि मनोरा जवळपास थांबतो. जर्मन जहाज-अभियंता हर्मन फ्राम याने 1909 मध्ये ज्या पेटंटसाठी अर्ज केला, त्यामागची कल्पना हीच.

मग प्रश्न सुटला? नाही. धक्क्याची वारंवारता जरा बदलून बघा. 1.79 आणि 2.24 हर्ट्झला मनोरा पुन्हा झुलायला लागतो. एका शिखराच्या जागी दोन शिखरं आली, एवढंच. ठरलेल्या वेगाने फिरणाऱ्या यंत्राला हे चालेल, पण वारा काही एकाच वारंवारतेने वाहत नाही.

1928 मध्ये ऑर्मंड्रॉइड आणि डेन हार्टॉग यांनी डॅम्पिंगसह हिशेब मांडला. त्यांना दिसलं, की डॅम्पिंग कितीही असो, प्रतिसादाचे सगळे आलेख दोन ठरावीक बिंदूंतून जातात. म्हणजे त्या दोन बिंदूंच्या खाली शिखर आणताच येत नाही. मग करायचं काय? आधी ट्यूनिंग बदलून दोन्ही बिंदू एका उंचीवर आणायचे, नंतर शिखरं तिथेच बसतील एवढं डॅम्पिंग ठेवायचं. डेन हार्टॉगच्या 1934 च्या पुस्तकामुळे ही रीत सगळीकडे पोचली. वस्तुमानांचं गुणोत्तर μ असेल, तर डॅम्परची वारंवारता मनोऱ्याच्या 1/(1+μ) पट हवी.

आपल्या मॉडेलमध्ये μ = 0.05. म्हणून वारंवारता 2 नव्हे, 1.905 हर्ट्झ. स्प्रिंग 15.8 ऐवजी 14.3 न्यूटन प्रति मीटर, डॅम्पिंग सुमारे 13 टक्के. मनोऱ्याचं स्वतःचं डॅम्पिंग 1 टक्का असेल, तर आधी झोका स्थिर बलाने होणाऱ्या सरकण्याच्या 50 पट होता. आता तो साडेसहा पटींच्या आत राहतो.

ट्यूनिंग चुकलंय हे कसं ओळखाल? आलेख काढा. कमी वारंवारतेकडचं शिखर उंच असेल तर स्प्रिंग जास्त ताठ आहे. ती मऊ करा किंवा वजन थोडं वाढवा. उजवीकडचं उंच असेल तर उलटं करा.

एक मर्यादा मात्र लक्षात ठेवा. वरचं सूत्र माथ्यावर बल लागतं तेव्हाचं आहे. मॉडेल शेक-टेबलवर असेल, म्हणजे पायाच हलत असेल, तर योग्य वारंवारता आणखी थोडी खाली सरकते, आपल्या मॉडेलसाठी साधारण 1.88 हर्ट्झ. तेव्हा आकडा बदलायच्या आधी विचारा: धक्का नेमका कुठून येतोय?