'समजा'ची किंमत

'पाऊस असेल तर पाऊस असेल' हे हिल्बर्टच्या धर्तीच्या स्वयंसिद्ध-पद्धतीने सिद्ध करू लागलो, तर आपल्याला पाच ओळी लागतात: तीनदा स्वयंसिद्धे, दोनदा निष्कर्षनियम. पटते, पण असे कोणी विचार करीत नाही. आपण नुसते म्हणतो, 'समजा, पाऊस आहे'.

१९२६ साली वॉर्सात लुकासिएविच यांनी हीच अडचण मांडली. १९३० मध्ये एर्ब्राँ यांचे निगमन-प्रमेय प्रसिद्ध झाले: गृहीतकावरून निष्कर्ष निघाला, तर 'गृहीतक असेल तर निष्कर्ष' हे गृहीतकावाचूनही सिद्ध होते. त्यासाठी प्रत्येक ओळीमागे ते 'तर' लावून सिद्धता पुन्हा लिहावी लागते आणि ती बरीच लांबते. १९३४ च्या सुमारास यास्कोव्स्की व गेंट्झेन यांनी 'समजा' हाच नियम केला. पहिल्या पद्धतीत जे पद्धतीविषयीचे प्रमेय, ते दुसरीत आतलेच पाऊल ठरले.