वहीतला आकडा आणि पिशवीतली भाकरी

मागच्या महिन्यात गटाच्या बैठकीत एका ताईंनी विचारलं, “नोटा छापायचं यंत्र सरकारकडेच आहे ना? मग छापून वाटत का नाहीत?” प्रश्न साधा वाटतो, पण शंभर वर्षांपूर्वी जर्मनीत जवळपास तसंच घडलं होतं. त्याचं काय झालं, ते आज आम्ही सांगणार आहोत.

१९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. जर्मन सरकारनं युद्धाचा खर्च करातून कमी आणि कर्जातून जास्त भागवला. लोकांनी विश्वासानं युद्धाचे रोखे घेतले. १९१८ साली जर्मनी हरली. कर्ज डोक्यावर होतंच, वर जिंकलेल्या देशांना भरपाई द्यायची होती. जमा कमी आणि खर्च मोठा. तूट भरायला नोटा छापल्या जाऊ लागल्या आणि भाव चढू लागले.

जानेवारी १९२३ मध्ये भरपाई थकली म्हणून फ्रान्स आणि बेल्जियमचं सैन्य रूर या कोळशाच्या भागात शिरलं. तिथल्या कामगारांनी काम बंद केलं. त्यांना सरकारनं पगार चालू ठेवला, तोही नोटा छापूनच. म्हणजे कोळसा निघेना, माल बनेना, पण बाजारात पैसा वाढतच गेला. माल कमी आणि नोटा जास्त, मग भाव वाढणारच.

इथून एक चक्र फिरू लागलं. उद्या भाव वाढणार हे कळल्यावर हातात नोट कोण ठेवील? पगार रोजच्या रोज मिळू लागला. तो हातात पडला की माणसं दुकानाकडे धावायची. सगळेच धावले म्हणून भाव आणखी चढले. सरकारचंही तेच झालं. आज ठरवलेला कर काही आठवड्यांनी जमा होईपर्यंत त्या पैशात फारसं काही येईना. तूट वाढली, म्हणून आणखी नोटा छापल्या. बर्लिनमध्ये जानेवारीत सुमारे २५० मार्कांना मिळणारा पाव नोव्हेंबरमध्ये सुमारे २० हजार कोटी मार्कांना झाला. मार्क म्हणजे त्यांचा रुपया.

आता बचतीचं पाहू. समजा, एका बाईंनी बँकेत १,००० मार्क साठवले आहेत आणि पाव एक मार्काला आहे. म्हणजे तिच्याकडे हजार पावांची बचत आहे. भाव दर दोन आठवड्यांनी दुप्पट होऊ लागले, तर दोन आठवड्यांनी तिला ५०० पाव मिळतील, चार आठवड्यांनी २५०, सहा आठवड्यांनी १२५. दहा आठवड्यांनी फक्त ३१ उरतात. वीस आठवड्यांनी एक पावसुद्धा येत नाही. पासबुकात मात्र १,००० तसेच आहेत. कोणी चोरी केली नाही, हिशेब चुकला नाही. वर्षाला चार-पाच टक्के व्याज या वेगापुढे कुठे पुरणार? १९२३ च्या शेवटी शेवटी तर भाव सुमारे चार दिवसांत दुप्पट होत होते.

यात सगळ्यांचंच नुकसान झालं असं नाही. ज्यांनी जुनं कर्ज घेतलं होतं, त्यांनी घरावरचं कर्ज एका पावाच्या किमतीत फेडलं. युद्धाचे रोखे कवडीमोल झाले, त्यामुळे सरकारचं लोकांकडून घेतलेलं कर्जही जवळजवळ मिटलं. ज्यांच्याकडे जमीन, धान्य, जनावरं होती, ते तगले. शेतकरी तर कागदी नोटांवर धान्य द्यायलाच तयार होईनात, म्हणून शहरात उपासमार झाली. सगळ्यात जास्त बुडाले ते पै-पै साठवणारे म्हातारे, विधवा आणि पेन्शनवर जगणारे.

हे थांबलं कसं? ऑगस्टमध्ये नवीन सरकार आलं, सप्टेंबरमध्ये रूरचं काम बंद आंदोलन मागे घेतलं. १५ नोव्हेंबर १९२३ ला रेंटेनमार्क हे नवं चलन आलं. एक लाख कोटी जुन्या मार्कांना एक नवा मार्क. नवं चलन किती काढायचं याला मर्यादा घातली, आणि मध्यवर्ती बँकेनं सरकारचा खर्च भागवायला नोटा छापणं बंद केलं. सरकारनं नोकर कमी केले, खर्च आवरला. भाव थांबले. बुडालेल्या बचतीचा थोडासा भाग पुढे १९२५ च्या कायद्यानं परत मिळाला, बाकी गेलाच.

तेल, डाळ वर्षाला काही टक्क्यांनी महागली, तर ती नेहमीची महागाई. तीही बचत कुरतडते, पण हळूहळू. महिन्यात भाव दीडपट आणि पुढेही तसेच चढते, तर तिला अतिमहागाई म्हणतात. ती ओळखायची खूण अशी: लोक संध्याकाळपर्यंतही नोट जवळ ठेवत नाहीत आणि दुकानदार दुसऱ्या देशाच्या पैशात भाव सांगतात.

तर ताईंच्या प्रश्नाचं उत्तर असं: नोटा छापून वाटता येतात, पण त्यानं पाव वाढत नाहीत. पाव तेवढेच राहतात, आणि आपण आधी साठवलेल्या प्रत्येक नोटेतला घास कमी होतो.