थॅलेसेमिया वाहक दांपत्य आणि गर्भनिदान

पती आणि पत्नी दोघेही बीटा थॅलेसेमियाचे वाहक असल्यास त्यांच्या गर्भाला या आजाराचे गंभीर स्वरूप (थॅलेसेमिया मेजर) आहे किंवा नाही, हे गर्भारपणातच ठरविण्याच्या तपासणीस थॅलेसेमियाचे गर्भनिदान म्हणतात. ही तपासणी गर्भाच्या पेशींतील डीएनएवर केली जाते. अल्फा थॅलेसेमियाचा विचार प्रस्तुत लेखात केलेला नाही.

आनुवंशिक पार्श्वभूमी

प्रौढ माणसाच्या हिमोग्लोबिनमध्ये अल्फा आणि बीटा अशा दोन प्रकारच्या प्रथिनशृंखला असतात. बीटा शृंखलेचे जनुक ११व्या गुणसूत्रावर असून प्रत्येकाकडे त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली व एक वडिलांकडून आलेली. वाहकाची एक प्रत सदोष असते. दुसरी प्रत काम सांभाळत असल्याने वाहक व्यक्ती आजारी नसते. तिचे रक्त किंचित फिके आणि तांबड्या पेशी लहान असतात, एवढेच. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात मूल पूर्ण निर्दोष असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि मेजर असण्याची २५ टक्के असते. हे प्रमाण प्रत्येक वेळी नव्याने लागू होते. पहिली दोन मुले निरोगी निघाली म्हणून तिसऱ्याचा धोका वाढत नाही, आणि पहिले मूल मेजर असले म्हणून पुढची तीन सुरक्षित ठरत नाहीत. ‘चारांतील एक’ याचा असा चुकीचा अर्थ अनेक कुटुंबांत लावला जातो.

मेजर असलेला गर्भ पोटात पूर्ण निरोगी दिसतो. गर्भाच्या हिमोग्लोबिनमध्ये बीटाऐवजी गॅमा शृंखला असते आणि तिचे जनुक शाबूत असते. त्यामुळे वाढ नीट होते, सोनोग्राफीत काही आढळत नाही, जन्माचे वजनही चांगले भरते. जन्मानंतर काही महिन्यांत गॅमा शृंखला कमी होऊ लागते व तिची जागा घेणारी बीटा शृंखला तयार होत नाही. तेव्हा, साधारणपणे सहाव्या महिन्यापासून दुसऱ्या वर्षापर्यंत, मूल पांढरेफटक पडू लागते. ‘सोनोग्राफी नॉर्मल आली’ या वाक्याला थॅलेसेमियाच्या संदर्भात काहीही अर्थ उरत नाही, तो यामुळेच.

पूर्वतयारी : आईवडिलांचे रक्त

गर्भाची तपासणी करण्याआधी आईवडिलांच्या जनुकांत नेमका कोणता दोष आहे हे कळावे लागते. बीटा जनुकातील शेकडो दोष ज्ञात आहेत, परंतु भारतात त्यांपैकी मोजकेच वारंवार आढळतात. ‘आयव्हीएस १-५’ हा त्यांतला सर्वांत सामान्य होय. सिंधी आणि लोहाणा समाजांत जनुकाचा ६१९ बेसजोड्यांचा तुकडाच गळालेला असण्याचे प्रमाण बरेच आहे. प्रयोगशाळा आधी हे नेहमीचे दोष शोधते. ते न सापडल्यास संपूर्ण जनुकाचे वाचन करावे लागते आणि त्यात अधिक वेळ जातो.

प्रक्रियेचा क्रम समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण घेता येईल. एका स्त्रीने आठव्या आठवड्यात प्रसूतिगृहात नाव नोंदविले. तिचे हिमोग्लोबिन ९.६ ग्रॅम आले. तांबड्या पेशीचे सरासरी आकारमान (एमसीव्ही) ६४ निघाले. ते सामान्यतः ८० ते १०० असते. पेशींची संख्या मात्र कमी नव्हती, उलट थोडी जास्त होती. पेशी लहान पण संख्येने पुष्कळ, हे चित्र थॅलेसेमियाच्या वाहकाचे असते; लोहाच्या कमतरतेत बहुधा संख्याही घटते. पुढे एचपीएलसी तपासणीत हिमोग्लोबिन ए२ चे प्रमाण ५.२ टक्के आले. हे प्रमाण साधारण ३.५ टक्क्यांच्या वर असल्यास व्यक्ती वाहक समजली जाते. त्याच आठवड्यात पतीचे रक्त घेतले, तोही वाहक निघाला. दहाव्या आठवड्यात दोघांच्या डीएनएचे अहवाल आले : पत्नीत ‘आयव्हीएस १-५’, पतीत ६१९ बेसजोड्यांची तूट.

याच टप्प्यावर सर्वाधिक वेळ वाया जातो. गर्भारपणात रक्त कमी असणे इतके सामान्य मानले जाते, की लोहाच्या गोळ्या देऊन दोन महिने वाट पाहिली जाते आणि एचपीएलसी होते तेव्हा पाचवा महिना लागलेला असतो. पत्नी वाहक निघाल्यानंतरच पतीला बोलावण्याची पद्धतही आठवडा-दोन आठवडे खाते. तीव्र लोहकमतरतेमुळे ए२ चे प्रमाण खाली येऊन वाहकपण झाकले जाऊ शकते. म्हणून पेशी फार लहान आणि ए२ सीमारेषेवर असल्यास डीएनए तपासणीच निर्णायक ठरते. पतीला अलीकडे रक्त चढविले असेल तर त्याचा अहवालही विश्वासार्ह राहत नाही.

गर्भाचा नमुना घेण्याच्या पद्धती

सर्वांत लवकर करता येणारी पद्धत म्हणजे वारेच्या तंतूंची तपासणी, अर्थात कोरिऑनिक व्हिलस सॅम्पलिंग (सीव्हीएस). ती साधारणपणे अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात करतात. दहा आठवड्यांपूर्वी ती केल्यास गर्भाच्या हातापायांत व्यंग येण्याचा संबंध आढळल्याने तेवढी घाई टाळतात. सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत पोटातून बारीक सुई वारेपर्यंत नेतात व काही मिलिग्रॅम तंतू ओढून घेतात. सुई गर्भाला स्पर्श करीत नाही. वार आणि गर्भ एकाच फलित अंड्यापासून बनत असल्यामुळे वारेच्या पेशींतील बीटा जनुक गर्भाचेच असते.

सीव्हीएसची वेळ टळल्यास पंधराव्या आठवड्यानंतर गर्भजल काढून त्यातील पेशी तपासतात. या दोन्ही पद्धतींत गर्भपाताचा अतिरिक्त धोका साधारण अर्धा ते एक टक्का सांगितला जातो. अनुभवी हातांत तो याहून कमी असतो. अठराव्या आठवड्यानंतर नाळेतून गर्भाचे रक्त घेता येते. आईवडिलांचा दोष सापडलाच नसेल तेव्हा ही पद्धत उपयोगी पडते, कारण रक्तात प्रौढ हिमोग्लोबिन बनत आहे की नाही हे प्रत्यक्ष मोजता येते. मेजर गर्भात ते जवळजवळ नसते. मात्र हिचा धोका अधिक असतो. आईचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असल्यास यांपैकी कोणत्याही प्रक्रियेनंतर तिला अँटी-डी इंजेक्शन द्यावे लागते.

प्रयोगशाळेतील तपासणी व तिच्या चुका

नमुना मिळाल्यावर तंतूंना चिकटलेला आईच्या गर्भाशयाचा अंश सूक्ष्मदर्शकाखाली बारकाईने वेगळा करतात. हे काम दिसायला किरकोळ असले तरी निदानाची विश्वासार्हता त्यावर अवलंबून असते. आईच्या पेशी नमुन्यात राहिल्या तर उत्तर दोन्ही बाजूंनी चुकू शकते. वरील उदाहरणातील गर्भाने केवळ वडिलांचा दोष घेतला आहे, म्हणजे तो वाहक आहे, असे समजू. नमुन्यात आईच्या पेशी मिसळल्यास तिचा ‘आयव्हीएस १-५’ हा दोषही दिसेल आणि निरोगी गर्भ मेजर ठरेल. याउलट आईवडील दोघांतही एकच दोष असेल व गर्भ मेजर असेल, तर आईच्या पेशींतील निर्दोष प्रत दिसून तो वाहक भासेल. पहिल्या चुकीत निरोगी गर्भ गमावला जातो, दुसरीत आजारी मूल खोट्या खात्रीवर जन्माला येते.

ही भेसळ ओळखण्याचा मार्ग आहे. डीएनएमध्ये व्यक्तिपरत्वे लांबी बदलणाऱ्या काही खुणा असतात. गर्भाच्या नमुन्यात आईच्या दोन खुणांपैकी एक आणि वडिलांच्या दोहोंपैकी एक दिसली पाहिजे. आईच्या दोन्ही खुणा वडिलांच्या खुणेसोबत दिसल्या, तर नमुना भेसळीचा आहे असे समजून निदान रोखतात. अहवालात ‘मातृपेशींची भेसळ नाही’ असा उल्लेख आहे का, हे दांपत्याने अवश्य पाहावे. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय प्रतिरक्षा-रुधिरविज्ञान संस्था (आयसीएमआरची संस्था) ही या विषयात दीर्घकाळ काम करणारी संस्था आहे.

आईच्या रक्तात तरंगणाऱ्या गर्भाच्या डीएनएवरून निदान करण्याचे प्रयत्न चालू आहेत, परंतु ते अद्याप सीव्हीएसची जागा घेऊ शकलेले नाहीत. आईच्या स्वतःच्या सदोष डीएनएच्या गर्दीत गर्भाचा अंश ओळखणे कठीण जाते. डाऊन सिंड्रोमसाठी केली जाणारी प्रचलित रक्ततपासणी थॅलेसेमिया दाखवीत नाही.

अहवालानंतरचे पर्याय

गर्भ निर्दोष किंवा वाहक असल्यास पुढे काही करावे लागत नाही. उदाहरणातील दांपत्याची सीव्हीएस बाराव्या आठवड्यात झाली आणि तेराव्या आठवड्याअखेर अहवाल आला : गर्भात दोन्ही दोष उपस्थित, म्हणजे मेजर. येथून पुढील निर्णय त्यांचा असतो. समुपदेशकाने माहिती द्यावी, मत देऊ नये, असा संकेत आहे.

गर्भारपण पुढे नेल्यास मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी आयुष्यभर रक्त चढवावे लागते. रक्तातून शरीरात साठणारे लोह हृदय, यकृत व अंतःस्रावी ग्रंथींना इजा करते, म्हणून ते बाहेर काढणारी औषधे (डेफेरासिरॉक्स, डेफेरिप्रोन इत्यादी) रोज घ्यावी लागतात. हे उपचार नियमित मिळालेली मुले मोठी होतात, शिकतात, नोकरी व संसारही करतात. ते अर्धवट मिळाल्यास आयुष्य फार तोकडे होते. मूळ आजार बरा करणारा रूढ उपाय म्हणजे अस्थिमज्जा प्रत्यारोपण. सख्ख्या भावंडाशी मज्जा जुळण्याची शक्यता सुमारे २५ टक्के असते. प्रत्यारोपणाच्या खर्चासाठी कोल इंडियाच्या निधीतून चालणारी ‘थॅलेसेमिया बाल सेवा योजना’ आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये थॅलेसेमियाचा समावेश आहे.

गर्भपाताचा पर्याय वैद्यकीय गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार उपलब्ध आहे. बाळाला गंभीर व्यंग असण्याचा धोका असल्यास २० आठवड्यांपर्यंत एका, तर २० ते २४ आठवड्यांत दोन नोंदणीकृत डॉक्टरांचे मत लागते. त्यानंतर वैद्यकीय मंडळाने निदान केलेल्या गर्भाच्या मोठ्या विकृतीतच परवानगी मिळते. सज्ञान स्त्रीची संमती पुरेशी असते. पतीची वा सासरच्यांची संमती कायद्याने लागत नाही. तेराव्या आठवड्यातील गर्भपात आणि विसाव्या आठवड्यातील गर्भपात यांत शारीरिकदृष्ट्या मोठा फरक आहे. उशिराच्या गर्भपातात कळा आणून प्रत्यक्ष प्रसूतीच करावी लागते, आणि तोवर स्त्रीला बाळाची हालचालही जाणवू लागलेली असते.

अहवालाची एक मर्यादा निर्णयापूर्वी समजून घ्यावी लागते. डीएनए तपासणी जनुकांतील दोष सांगते, आजाराची तीव्रता नेहमीच सांगत नाही. वरील दोन दोषांच्या जोडीत आजार बहुधा तीव्रच असतो. परंतु एक दोष सौम्य असल्यास, किंवा एका बाजूला हिमोग्लोबिन ई असल्यास, काही मुलांना वारंवार रक्त लागत नाही, तर काहींना मेजरइतकेच लागते. अशा वेळी अहवाल देणाऱ्या तज्ज्ञाशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय निर्णय घेणे योग्य नव्हे.

कायदेशीर अटी

गर्भलिंगनिदान प्रतिबंधक कायदा (१९९४) हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक विकारांसाठी गर्भनिदानास परवानगी देतो. तपासणी नोंदणीकृत केंद्रातच व्हावी लागते. स्त्रीची लेखी संमती तिला समजणाऱ्या भाषेत घेऊन तिची प्रत तिला द्यावी लागते. गर्भाचे लिंग कोणत्याही प्रकारे सांगता येत नाही.

पुढील गर्भारपण

आईवडिलांचे दोष एकदा नोंदले गेले की पुढच्या खेपेस ते पुन्हा शोधावे लागत नाहीत. अकराव्या आठवड्यात थेट सीव्हीएस करता येते. त्यामुळे जुने डीएनए अहवाल जपून ठेवणे महत्त्वाचे असते. ज्यांना गर्भपाताचा प्रसंगच नको असतो त्यांच्यासाठी गर्भारोपणपूर्व तपासणीचा मार्ग आहे. यात शरीराबाहेर फलन घडवून पाच-सहा दिवसांच्या भ्रूणातील काही पेशी तपासतात व मेजर नसलेला भ्रूण गर्भाशयात सोडतात. ही पद्धत महाग आहे, प्रत्येक खेपेस गर्भ राहीलच याची हमी नसते, आणि मोजक्या पेशींवरील निदानात चूक संभवत असल्याने गर्भ राहिल्यावर सीव्हीएस किंवा गर्भजल तपासणीने खात्री करून घेण्याचा सल्ला दिला जातो.