यूझर स्टोरी (ग्रंथालयातील पुस्तक देवघेव)
सॉफ्टवेअरकडून काय हवे, हे वापरणाऱ्याच्या बाजूने सांगणारे छोटे विधान. उदा., ‘ग्रंथपाल म्हणून मला दिलेली प्रत सभासदाच्या नावावर नोंदवायची आहे, म्हणजे ती कोणाकडे आहे हे कळेल.’ काम पुरे झाले का, हे स्वीकृती निकषांवरून ठरते. समजा, मर्यादा ३ पुस्तकांची आहे आणि सभासदाने चौथे मागितले. तर नोंद होऊ नये, त्याचे कारण पडद्यावर दिसावे आणि प्रत उपलब्धच राहावी. यातला शेवटचा भाग लिहायचा सहज राहून जातो. नोंद पुस्तकाच्या नावावर नव्हे, तर प्रतीच्या दाखल क्रमांकावर व्हावी, हाही निकष हवाच. अन्यथा दोन प्रतींपैकी एक दिली की कपाटातली दुसरीही बाहेर गेलेली दिसते. चाचणीत म्हणूनच एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात.